हातातून की जांघेतून? बाबांची अँजिओग्राफी आणि किडनीची धास्ती

*मॅडम, माझे बाबा ६६ वर्षांचे, वजन ६४ किलो, शुगर १४ वर्षांपासून. जिना चढला की छातीत दाबल्यासारखं होतं, थांबले की पाच मिनिटांत जातं. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, इकोत पंपिंग ५० टक्के, क्रिएटिनिन १.७. एका हॉस्पिटलात म्हणाले मनगटातून करू, दुसरीकडचे डॉक्टर म्हणाले आम्ही जांघेतूनच करतो. मामा म्हणतात डाय गेला की किडनी गेली, डायलिसिसच लागतं, करूच नका. बाबा मेटफॉर्मिन, बीपीची टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक घेतात. कुठून करावं, आणि किडनीचं काय? – एक मुलगी, कराड*

ताई, सगळ्यात आधी ती डायक्लोफिनॅक आजपासून बंद करा, अँजिओग्राफी करायची की नाही हे ठरायच्याही आधी. किडनीत रक्त आत आणणारी जी बारीक नस असते ती उघडी ठेवायचं काम शरीरातली काही द्रव्यं करतात आणि ही गोळी तीच द्रव्यं बनू देत नाही, त्यामुळे नस आवळते. अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून जो द्रव सोडतात तो डायही किडनीच्या आतल्या भागाचं रक्त काही तास कमी करतो. म्हणजे एकाच जागी दोन बाजूंनी आवळणं झालं. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल, वरून लावायचं मलम चालेल. आणि गोळी बंद करून सात-आठ दिवसांनी क्रिएटिनिन परत करा, मी कितीतरी जणांचं १.७ चं १.५ झालेलं बघितलंय, नुसती पेनकिलर सोडून. बाबांचं छातीचं दुखणं चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं म्हणून एवढे दिवस हातात आहेत. बसल्याजागी दुखायला लागलं, किंवा रोज जास्त जास्त व्हायला लागलं तर मात्र हा आठवडा थांबायचा नाही, सरळ ॲडमिट करायचं.

आता त्या १.७ चा अर्थ. नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो, वय आणि बाई-पुरुष धरून त्यावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते त्याचा अंदाज. बाबांचा साधारण ४४ येतो. ६० च्या खाली म्हणजे किडनी दमलेली आहे आणि शुगर असल्यामुळे तिला जपायला हवं, पण ४४ म्हणजे डायलिसिसच्या दारात उभं असणं नव्हे. मामांची भीती मला कळते, त्यांनी कुणाचं तरी झालेलं पाहिलं असेल. पण या पातळीला नीट तयारी करून अँजिओग्राफी केली तर बहुतेक वेळा क्रिएटिनिन हलतच नाही, हललं तर दोन-तीन दिवसांत थोडं वाढतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत परत जागेवर येतं. डायलिसिस लागणं फार क्वचित, आणि ते बहुतेक अशांना ज्यांचा ईजीएफआर आधीच ३० च्या बराच खाली असतो किंवा जे शॉकमध्ये, बीपी पडलेल्या अवस्थेत येतात.

तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, कुठून करावं आणि किडनीचं काय. माझ्या अनुभवात हा एकच प्रश्न आहे. एक पेशंट सांगते म्हणजे कळेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या हॉस्पिटलात काम करायचे तिथे एक ७१ वर्षांच्या आजी होत्या, अंगाने अगदी बारीक, ४६ किलो, शुगर, क्रिएटिनिन १.४. तेव्हा आम्ही सगळेच सर्रास जांघेतून करायचो. अँजिओग्राफी पंधरा मिनिटांत झाली, डाय लागला फक्त ४५ मिली. दोन तासांनी आजी म्हणायला लागल्या, उजव्या बाजूला कमरेत दुखतंय. सिस्टरला वाटलं सरळ पडून राहिल्यामुळे दुखत असेल, आम्हालाही तेच वाटलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. जांघेत बघितलं तर काही सूज नाही, डाग नाही. आणखी तासाभराने त्यांना दरदरून घाम आला, बीपी ८०, आणि हिमोग्लोबिन ११ वरून ७.४. टोचताना सुई जरा वर लागली होती, जांघेत आत जो आडवा पट्टा असतो त्याच्या वर, म्हणजे जिथे मागे दाबायला हाड नाही अशा जागी, आणि रक्त बाहेर न येता आत पाठीमागच्या पोकळीत साठत होतं. रक्त चढवलं, सलाईन दिलं, ब्लीडिंग थांबलं, आजी वाचल्या. पण चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ३.१ झालं. घरचे म्हणाले डायने किडनी गेली. डाय ४५ मिलीच होता. किडनी दुखावली ती कारण तासभर तिला रक्तच पुरेसं मिळालं नाही. तीन आठवड्यांनी १.६ वर आलं, पण ते तीन आठवडे मी विसरलेले नाही, आणि कमरेत दुखतंय हे वाक्य तेव्हापासून मी कधीही हलक्यात घेतलेलं नाही.

म्हणून कुठून करायचं याचा संबंध किडनीशी लागतो. जांघेतली फिमोरल धमनी जाड आणि खोल असते, ती फुटली तर भरपूर रक्त जातं, आणि बारीक अंगाच्या, वयस्कर, शुगरवाल्या किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला ते जास्त होतं कारण किडनी दमली की प्लेटलेट्सही नीट चिकटत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की जांघेतून वर जाणारी तार आणि कॅथेटर म्हणजे बारीक लांब नळी पोटातल्या मोठ्या महाधमनीतून जातात, किडनीच्या धमन्यांच्या तोंडाशेजारून. साठीच्या पुढच्या शुगरवाल्यांच्या त्या महाधमनीत आतून चुरा धरलेला असतो, चरबीचे खडे, आणि कॅथेटर घासून गेलं की त्यातले बारीक कण सुटून किडनीत जाऊन अडकू शकतात. अशा वेळी क्रिएटिनिन दोन दिवसांत वाढून उतरत नाही, आठवड्यांमागून आठवडे हळूहळू चढत राहतं, पायाची बोटं निळी-जांभळी पडतात, आणि सगळे डायला दोष देत बसतात. मनगटातून गेलं तर कॅथेटर खांद्यावरून वरच्या महाधमनीत उतरतं, पोटाच्या भागात जातच नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०११ साली रायव्हल नावाचा मोठा अभ्यास आला, सात हजारांच्या वर पेशंट, सगळे हार्ट अटॅक किंवा त्याच्या जवळपासचे. धमनीच्या मोठ्या भानगडी, म्हणजे मोठी गाठ, धमनीला फुगा वगैरे, जांघेतून शंभरात ३.७ जणांना झाल्या आणि मनगटातून १.४ जणांना. मग २०१५ चा मॅट्रिक्स, आठ हजारांच्या वर पेशंट, त्यात किडनीकडे मुद्दाम बघितलं गेलं, आणि किडनीला इजा होण्याचं प्रमाण मनगटवाल्यांत १५.४ टक्के आणि जांघवाल्यांत १७.४ टक्के निघालं. फरक फार मोठा नाही, आणि ते सगळे अटॅकचे पेशंट होते, त्यातल्या बहुतेकांना लगेच अँजिओप्लास्टीही झाली होती, म्हणून बाबांना पंधरा टक्के धोका आहे असं त्यातून मुळीच काढू नका. पण दिशा कुठली ते दिसतं.

तर माझं उत्तर मनगट, उजवं मनगट. उजवं का ते सांगते, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. किडनी पुढे दहा-पंधरा वर्षांत आणखी कमजोर झालीच, तर डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करावा लागतो, आणि तो शक्यतो ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हातात करतात. बाबा उजव्या हाताने जेवत-लिहीत असतील तर डावा हात राखून ठेवायचा. त्या डाव्या हाताच्या कोपरात किंवा मनगटाजवळ सलाईनची सुईसुद्धा लावू देऊ नका, लावायचीच तर पंजाच्या मागच्या बाजूला. वॉर्डातल्या सिस्टरला हे आधीच सांगून ठेवा, त्या ऐकतात. बाबांचा ईजीएफआर १५-२० असता, डायलिसिस समोर दिसत असता, तर मी स्वतः म्हटलं असतं की दोन्ही हात सोडा आणि सोनोग्राफीने बघून जांघेतून करा. ४४ ला तसं नाही.

मनगटातून करतानाही त्रास होऊच शकत नाही असं नाही. ती धमनी दोन-अडीच मिलीमीटरचीच, आत जी प्लॅस्टिकची नळी म्हणजे शीथ घालतात ती जवळजवळ तेवढीच जाड. त्यामुळे धमनी आवळते, हात दुखतो, कॅथेटर पुढेमागे सरकेना होतं. त्यासाठी शीथमधून धमनी सैल करायचं औषध देतात, नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापामिल, आणि दुखलं तर बाबांनी गप्प न राहता सांगायचं, जोर लावून ओढलं की जास्त आवळतं. रायव्हलमध्ये शंभरात सात-आठ जणांना मनगटातून सुरू करून शेवटी दुसरीकडून करावं लागलं, तेव्हा जांघेचीही साफसफाई करून ठेवतात त्याने घाबरू नका.

दुसरं म्हणजे नंतर ती धमनी बंद पडणं. बऱ्याचदा पेशंटला कळतही नाही कारण करंगळीच्या बाजूची दुसरी धमनी पंजाला रक्त पुरवते, पण बंद पडली की ती जागा पुढच्या अँजिओप्लास्टीला आणि फिस्टुलाला गेली. हे टाळायचे दोन उपाय अगदी साधे आहेत. एक, प्रोसिजरमध्ये हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध द्यायचं, साधारण किलोमागे ५० युनिट, म्हणजे बाबांना ३२०० च्या आसपास, बरेच जण सरळ ५००० देतात. दोन, शीथ काढल्यावर मनगटावर जो हवा भरलेला पट्टा बांधतात तो रक्त थांबेल एवढाच घट्ट ठेवायचा, नाडी पूर्ण दाबून टाकायची नाही. तपासायचं कसं तर त्याच हाताच्या अंगठ्याला ऑक्सिजनचा क्लिप लावतात, करंगळीच्या बाजूची धमनी बोटाने दाबतात, आणि तरीही स्क्रीनवर लाट दिसली तर मनगटातली धमनी चालू आहे. तुम्ही सिस्टरना विचारू शकता, पट्टा बांधल्यावर लाट बघितली का. आणि पट्टा सुटल्यावर कोपराखालचा हात टणक फुगायला लागला, बोटं हलवली की जीव जातो असं दुखलं, मुंग्या आल्या, तर लगेच आरडाओरड करा, सकाळपर्यंत थांबू नका. आत रक्त साठून स्नायू दाबले जातात आणि तासांचा खेळ असतो.

जांघेतूनच करतो म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी चूक म्हणणार नाही. ज्यांनी आयुष्यभर जांघेतून केलंय आणि मनगटाचा हात बसलेला नाही, ते मनगटातून धडपडत करायला गेले तर वेळ जास्त, डाय जास्त, आणि सगळा फायदा तिथेच संपला. मग एक तर मनगटाची सवय असलेल्यांकडे जा, नाहीतर जांघेतून करायचं ठरलं तर सोनोग्राफी लावून टोचणार का एवढं विचारा. मांडीच्या हाडाचा गोळा असतो त्याच्या मध्याच्या जरा खाली टोचलं की मागे दाबायला हाड मिळतं, वर गेलं तर आजींसारखं, खाली गेलं तर फुगा किंवा शीर-धमनी जुळून जाणं. नंतर चार-सहा तास पाय सरळ, खोकताना जांघ हाताने दाबून धरायची. कमरेत किंवा पोटाच्या एका बाजूला दुखलं, घाम, चक्कर, तर बीपी आणि हिमोग्लोबिन ताबडतोब.

आता डाय. (डाय म्हणतात पण त्याला रंग काही नसतो, पाण्यासारखा असतो, आयोडीनमुळे अँजिओग्राफीच्या स्क्रीनवर काळा दिसतो. नंतर लघवीला रंग बदलला तर तो डायचा समजू नका, दाखवा.) किडनीसाठी तो कुठल्या कंपनीचा यापेक्षा किती मिली गेला हे जास्त महत्त्वाचं. आम्ही एक साधा हिशोब ठेवतो, डायचे मिली भागिले ईजीएफआर. तीनच्या वर गेलं की धोका चढतो, दोनच्या आत ठेवलं तर बरं. बाबांचा ४४, म्हणजे ८८ मिलीच्या आत राहायचं आणि १३२ ही वरची रेघ. नुसत्या अँजिओग्राफीत डाव्या बाजूचे पाच-सहा फोटो, प्रत्येकी सहा-सात मिली, उजवीचे दोन-तीन फोटो चार-पाच मिलीचे, सगळं मिळून ५० च्या आसपास. आरामात बसतं. पण त्याच बैठकीत अँजिओप्लास्टी केली की आणखी १०० ते १५० मिली जातात आणि रेघ ओलांडली जाते.

म्हणून सही करायच्या आधी बोलून घ्या. आपल्याकडे ब्लॉक दिसला तर लगेच स्टेंट टाकू अशी एकत्रच सही घेतात, खर्चही कमी होतो म्हणून लोक हो म्हणतात. बाबांच्या बाबतीत सांगा की आधी फक्त अँजिओग्राफी, ब्लॉक सोपा असेल आणि डाय हिशोबात बसत असेल तरच पुढे, नाहीतर क्रिएटिनिन बघून आठवड्या-दोन आठवड्यांनी. आणि हृदयाच्या पंपात डाय सोडून जो फोटो काढतात, ज्याला ३०-४० मिली लागतात, तो नको, पंपिंग इकोत कळलेलंच आहे. हे सगळं दुखणं स्थिर असताना. अटॅक आला तर हिशोब बाजूला, तेव्हा धमनी उघडणं हेच किडनीलाही वाचवणं आहे.

किडनी वाचवायचा खरा उपाय सलाईन, दुसरं फारसं काही चालत नाही. साधं नॉर्मल सलाईन, किलोमागे तासाला १ मिली, बारा तास आधी आणि बारा तास नंतर. बाबांचे ६४ किलो, म्हणजे तासाला ६४ मिली, बारा तासांत ७६८, अर्ध्या लिटरच्या दीड बाटल्या, आणि तेवढंच नंतर. म्हणून आदल्या संध्याकाळी ॲडमिट व्हा, सकाळी उपाशीपोटी येऊन दहाला कॅथलॅबमध्ये असं नको, रात्रभर पाणी न प्यायलेला माणूस आधीच सुकलेला असतो. उपास म्हणजे अन्न बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी चालतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पंपिंग ५० टक्के आहे म्हणून हा वेग झेपेल, ३० असतं किंवा पाय सुजलेले असते तर निम्मा केला असता, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं. रात्री दम लागला, आडवं पडवेना, तर सलाईन थांबवायला सांगा.

एसिटिलसिस्टीनच्या गोळ्या अजूनही बरेच जण लिहून देतात, पाण्यात फसफसणाऱ्या. दिल्या तर घ्या, अपाय नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका, २०१८ च्या प्रिझर्व्ह अभ्यासात सुमारे ५००० पेशंटमध्ये त्यांचा काहीच उपयोग दिसला नाही आणि सोडाबायकार्बचं सलाईनही साध्या सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही. डाय धुवून काढायला आधीच डायलिसिस करा असं कुणी म्हणालं तर अजिबात करू नका, त्याने किडनी वाचत नाही.

मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळपासून बंद आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन बघूनच सुरू. ती स्वतः किडनीला मारत नाही, पण किडनी थांबली तर अंगात साठून रक्तात आम्ल वाढवते. मधले दोन दिवस शुगर मोजत राहा. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, ते लघवीवाटे पाणी काढतं, एकीकडून सलाईन आणि दुसरीकडून ही गोळी कशाला, मी त्या सकाळची गोळी चुकवायला सांगते, पण बाबांचं बीपी बघून तुमच्या डॉक्टरांना ठरवू दे. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर ती बंद करायची नाही. गेल्या दोन-तीन दिवसांत डाय देऊन सीटी स्कॅन झालेला असेल तर तेही आधी सांगा, मग अँजिओग्राफी पुढे ढकलायची.

आणि जे हमखास राहून जातं ते. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणतात, सगळे खूश होऊन गाडीत बसतात. पण डायमुळे वाढायचं असेल तर ते २४ ते ४८ तासांत चढायला लागतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे पेशंट घरी असतो तेव्हा. म्हणून ४८ तासांनी एकदा आणि पाचव्या दिवशी एकदा कराडमध्येच लॅबमध्ये रक्त द्या. प्रोसिजरच्या सकाळचा जो आकडा असेल त्याच्यापेक्षा ०.३ ने वाढलं, म्हणजे १.७ चं २.० झालं, तर डॉक्टरांना फोन करा, पाणी, गोळ्या बघतील, आणि दोन दिवसांनी परत. २.५ च्या वर गेलं, किंवा लघवी दिवसभरात अर्ध्या लिटरच्या खाली आली, तर किडनीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. लघवी मोजायला एक जुनी लिटरची बाटली बाथरूममध्ये ठेवा, बाबांना आवडणार नाही, पण पाच दिवस ठेवा. आणि पुन्हा आठवडे लोटल्यावर, साधारण महिन्याने, एक क्रिएटिनिन करा, आणि डायक्लोफिनॅक परत सुरू झालेली नाही ना ते कपाटात बघा.